एका बढतीच्या टिपणाची गोष्ट: तीन शाखाधिकारी, एक जागा

पुण्यातील एका सहकारी बँकेत वरिष्ठ व्यवस्थापक (कर्ज व वसुली) हे पद रिकामं झालं. जागा मुख्य कार्यालयातली. परिपत्रक निघालं, पाच अर्ज आले, त्यातले दोन सध्याच्या श्रेणीत तीन वर्षं पूर्ण नसल्याने बाद झाले. उरलेल्या तिघांची तुलना करणारं टिपण निवड समितीपुढे ठेवायचं काम सेवा विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. बँकेत शाखाधिकाऱ्यांना त्यांच्या शाखेच्याच नावाने ओळखतात, म्हणून इथेही तिघांना हडपसर, कोथरूड आणि मंचर असंच म्हणतो.

परिपत्रकात निकष होते ते असे: वसुली व कर्जाची गुणवत्ता ४० गुण, तपासणी व नियमपालन २५, हाताखालची माणसं घडवणं व वार्षिक मूल्यमापन २०, मुलाखत १५. खाली एक ओळ होती, ‘निवड गुणवत्तेवर होईल, ३ गुणांपर्यंतचा फरक समान मानून ज्येष्ठतेला प्राधान्य राहील.’ पुढे या एका ओळीवर सगळं येऊन ठेपलं.

ही ओळ नीट समजून घ्यायला हवी, कारण बढतीच्या चर्चेत ‘ज्येष्ठता आणि गुणवत्ता’ हे शब्द लोक हवे तसे फिरवतात. ज्येष्ठता-सह-गुणवत्ता हे तत्त्व असेल तर किमान पात्रता ओलांडणाऱ्यांत जो ज्येष्ठ, तो पुढे. त्याच्यापेक्षा दुसरा हुशार असला तरी चालतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली बी. व्ही. शिवय्या प्रकरणात ग्रामीण बँकांच्या बढत्यांसंदर्भात हेच स्पष्ट केलं होतं. गुणवत्ता-सह-ज्येष्ठता असेल तर आधी गुणवत्तेची तुलना होते आणि ती जवळपास सारखी निघाली तरच ज्येष्ठता बघतात. आमचं परिपत्रक दुसऱ्या प्रकारचं होतं, आणि ‘जवळपास सारखी’ म्हणजे किती हेही त्यात आकड्याने लिहिलेलं होतं. बऱ्याच ठिकाणी ते लिहिलेलं नसतं, मग समितीच्या बैठकीतच ठरतं, आणि कोणाचं नाव पुढे आहे ते बघून ठरतं.

पहिली अडचण ४० गुणांची होती. ‘वसुली व कर्जाची गुणवत्ता’ म्हणजे नेमकं काय मोजायचं, हे परिपत्रकात नव्हतं. आकडे समोर आल्यावर पोटविभागणी केली तर ती कोणाच्या तरी सोयीची होते, मग हेतू कितीही स्वच्छ असो. म्हणून शाखांकडून माहिती मागवण्याआधीच मी समितीच्या अध्यक्षांकडून एका कागदावर मान्यता घेतली: २५ गुण प्रत्यक्ष वसुलीला, १५ गुण नव्याने थकीत होणाऱ्या कर्जाला. कागदावर तारीख आहे, आणि टिपणाला जोडलेली पहिली पुरवणी तीच आहे.

मग आकडे आले. ढोबळ एनपीएच्या, म्हणजे एकूण थकीत कर्जाच्या, टक्केवारीकडे बघितलं तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. ३१ मार्च २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात कोथरूड ९ टक्क्यांवरून ५ वर आली, मंचर १० वरून ६ वर, हडपसर १२ वरून ७ वर. सर्वांत कमी टक्केवारी कोथरूडची, सर्वांत मोठी घट हडपसरची. तिघांनीही २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये पदभार घेतलेला, त्यामुळे काळही सारखाच. कोथरूडने आपल्या अर्जात हा आकडा ठळक अक्षरांत दिला होता.

पण टक्केवारीत वर थकीत कर्ज असतं आणि खाली एकूण कर्ज. खालचा आकडा फुगवला की टक्केवारी आपोआप उतरते, एक रुपया वसूल न करता. कोथरूड शाखेचं एकूण कर्ज ४० कोटींवरून ७५ कोटींवर गेलं होतं. थकीत कर्ज होतं ३ कोटी ६० लाख आणि झालं ३ कोटी ७५ लाख. म्हणजे थकीत रक्कम वाढली आणि टक्केवारी मात्र जवळपास निम्मी झाली.

म्हणून टिपणात टक्केवारी एकाच ओळीत उरकली आणि तिच्या खाली थकीत कर्जाची हालचाल मांडली. बँकेत काम केलेल्याला हा हिशेब नवा नाही. सुरुवातीची शिल्लक, त्यात नव्याने थकलेलं, त्यातून रोख वसुली, नियमित झालेली खाती आणि निर्लेखित केलेली रक्कम वजा, की अखेरची शिल्लक येते. सगळे आकडे लाखांत:

| | हडपसर | कोथरूड | मंचर |
|---|---|---|---|
| सुरुवातीची थकीत रक्कम | ७२० | ३६० | २२० |
| नव्याने थकलेली | ११० | १६५ | ३५ |
| रोख वसुली | २४४ | १३० | ७४ |
| नियमित झालेली | ६० | २० | २५ |
| निर्लेखित | १२० | ० | ० |
| अखेरची थकीत रक्कम | ४०६ | ३७५ | १५६ |

हडपसरची ‘सर्वांत मोठी घट’ इथे उलगडते. तक्त्यात वजा झालेल्या ४ कोटी २४ लाखांपैकी १ कोटी २० लाख निर्लेखित केलेले आहेत. निर्लेखन म्हणजे हिशेबातून काढणं. पैसे आलेले नाहीत आणि कर्जदाराची जबाबदारीही संपलेली नाही. शिवाय निर्लेखनाचा ठराव संचालक मंडळ करतं, शाखाधिकारी नव्हे. म्हणून या रकमेचं श्रेयही दिलं नाही आणि तिच्यासाठी गुणही कापले नाहीत, ती फक्त बाजूला ठेवली. उरली ती खरी वसुली: रोख आणि नियमित झालेली मिळून हडपसरची ३ कोटी ४ लाख, कोथरूडची दीड कोटी, मंचरची ९९ लाख. हाताळायला मिळालेल्या एकूण थकीत रकमेशी, म्हणजे सुरुवातीची अधिक नव्याने थकलेली यांच्याशी, तिचं प्रमाण काढलं. हडपसर सुमारे ३७ टक्के, कोथरूड २९, मंचर ३९.

दुसरा भाग नव्या घसरणीचा. तिथे कोथरूडच्या खात्यांच्या फायली मागवल्या, कारण १ कोटी ६५ लाखांत स्वतः मंजूर केलेली कर्जं किती आणि आधीच्या अधिकाऱ्याकडून आलेली किती, हे रकमेवरून कळत नाही. मंजुरीची तारीख आणि पहिला हप्ता चुकल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली. १ कोटी २० लाखांची कर्जं सध्याच्या अधिकाऱ्यांच्या सहीची होती, आणि त्यातली काही वाटपापासून वर्षाच्या आत थकलेली. वर्षाच्या आत थकलेलं कर्ज हे वसुलीच्या कामातलं अपयश सहसा नसतं. ते छाननीच्या टेबलावरच चुकलेलं असतं. एका छपाई व्यावसायिकाच्या फायलीत जीएसटीची विवरणपत्रं अर्ज करण्याच्या आधीच्या दोनच तिमाहींची होती. तारण म्हणून ठेवलेल्या यंत्राचं मूल्यांकन विक्रेत्याच्या कोटेशनवरून केलेलं होतं. मला यापलीकडे काही लिहायची गरज वाटली नाही, फाईल समितीला दाखवली.

मंचरच्या बाजूनेही एक शंका होती आणि ती कोणी विचारण्याआधी तपासणं भाग होतं. साधारण कर्ज, हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की एनपीए होतं. अल्प मुदतीच्या पिकांसाठी दिलेल्या पीककर्जाला मात्र दोन पीक हंगामांची मुभा आहे, दीर्घ मुदतीच्या पिकांना एका हंगामाची. मंचरचा परिसर कांदा-बटाट्याचा, तिथे थोडं पीककर्ज आहेच. त्यामुळे नव्या घसरणीचा आकडा नियमाच्या फरकानेच कमी दिसत असण्याची शक्यता होती. पीककर्ज वगळून तिन्ही शाखांचा हिशेब पुन्हा केला. क्रम तोच राहिला, मग तसं एका वाक्यात नोंदवलं.

एका गोष्टीचा मात्र निवाडा होऊ शकला नाही, आणि टिपणात तसं स्पष्ट लिहिलं. हडपसरच्या रोख वसुलीत सुमारे ९० लाख एकाच मालमत्तेच्या सरफेसी लिलावातून, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण विकण्याच्या कायद्याखाली झालेल्या विक्रीतून, आले होते. त्या कारवाईची नोटीस मुख्य कार्यालयाच्या वसुली कक्षाने, या अधिकाऱ्यांनी पदभार घेण्याआधी दिलेली होती. ताबा मिळवण्यासाठी मामलतदार आणि पोलीस यांच्याकडे खेटे मात्र यांनीच घातले. श्रेय किती टक्के कोणाचं, हे ठरवायचं माप माझ्याकडे नव्हतं. पूर्ण रक्कम धरली आणि पूर्ण धरली आहे असं लिहून ठेवलं. ४० पैकी गुण आले ते असे: मंचर ३१, हडपसर ३०, कोथरूड २१.

तपासणीच्या २५ गुणांवर फार रेंगाळत नाही. अंतर्गत तपासणीचे तीन-तीन अहवाल घेतले आणि आक्षेपांची संख्या न मोजता ‘पुढच्या अहवालात तोच आक्षेप पुन्हा आला का’ एवढंच पाहिलं, कारण मोठ्या शाखेत आक्षेप जास्त निघणारच. हडपसरमध्ये एक आक्षेप तिन्ही वर्षं कायम होता: कॅश क्रेडिट खातेदारांकडून दर महिन्याचं मालसाठा पत्रक वेळेवर येत नाही. हा कागद नुसत्या औपचारिकतेचा नाही. मालसाठा आणि येणं यांवरून उचल मर्यादा ठरते. पत्रक आलं नाही तर गोदामातला माल कमी झाला तरी खातेदार जुन्याच मर्यादेवर पैसे काढत राहतो. मंचरमध्ये सोनेतारणाची पाकिटं अचानक पडताळणीत जुळली होती, केवायसी अद्ययावत करण्यात मात्र थोडी ढिलाई होती. मंचर २०, कोथरूड १९, हडपसर १६.

माणसं घडवण्याच्या बाबतीत कोथरूड स्पष्टपणे पुढे. त्यांच्या हाताखालच्या दोन अधिकाऱ्यांनी नंतर स्वतंत्र शाखा सांभाळल्या, आणि दोघांच्या पहिल्या वर्षाच्या तपासण्या चांगल्या गेल्या. हे टिपणात ठळकपणे लिहिलं, कारण वसुलीचं चित्र वाचून झालेल्या माणसाला या अधिकाऱ्याचं काहीच चांगलं दिसेनासं होण्याचा धोका होता. कोथरूडला इथे २० पैकी १७, हडपसरला १४.

मंचरचं काय, तिथे प्रश्न आला. या २० पैकी १० गुण तीन वर्षांच्या मूल्यमापन अहवालांच्या सरासरीवर होते: अत्युत्कृष्ट १०, उत्कृष्ट ८, चांगला ६, साधारण २. मंचरच्या बाईंचे दोन अहवाल ‘उत्कृष्ट’, आणि मधला, २०२३-२४ चा, ‘साधारण’. शेरा होता, ‘वर्षभरात उद्दिष्टाच्या ५४ टक्केच पूर्तता.’ त्या वर्षी त्या प्रसूती रजेवर होत्या. कायद्याने मिळणारे २६ आठवडे, म्हणजे बरोबर अर्धं वर्ष. उद्दिष्ट पूर्ण वर्षाचंच धरलेलं. हजर असलेल्या काळाच्या प्रमाणात काढलं तर पूर्तता १०८ टक्के येते.

या एका शेऱ्याची किंमत किती, हे मी आधी मोजलं. ‘साधारण’ धरला तर सरासरी ८, २, ८ यांची, म्हणजे ६. ‘उत्कृष्ट’ असता तर ८. फरक २ गुणांचा. बाकीच्या १० पैकी त्यांना ५ होते, म्हणजे या निकषात ११ किंवा १३. एकूण ८५ पैकी ६२ किंवा ६४. आणि हडपसरचे ६०.

६२ आणि ६० हा फरक ३ च्या आत. म्हणजे समान. म्हणजे ज्येष्ठ असलेले हडपसर पुढे. ६४ आणि ६० मध्ये फरक ४, आणि ज्येष्ठतेचा प्रश्नच येत नाही.

टिपण लिहिणाऱ्याला इथे दोन वाटा सोप्या वाटतात आणि दोन्ही अडचणीच्या आहेत. एक म्हणजे नोंद आहे ती आहे, म्हणून २ गुण धरून मोकळं व्हायचं. दुसरी म्हणजे अन्याय दिसतोय म्हणून स्वतःच ८ धरायचे. पहिली वाट सोयीची, पण रजेची शिक्षा गुणांच्या तक्त्यात दडवणारी. दुसरीत सेवा विभाग मूल्यमापन अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसतो. उद्या तेच अधिकार दुसरं कोणी दुसऱ्या कोणासाठी वापरेल. केंद्र सरकारने विभागीय पदोन्नती समित्यांसाठी १९८९ साली काढलेल्या सूचनांत, एखाद्या काळाचा अहवाल लिहिलाच गेला नसेल तर त्याआधीच्या वर्षाचा अहवाल बघावा असं म्हटलंय. आमच्या बँकेला त्या सूचना लागू नाहीत, आणि इथे अहवाल होता, फक्त त्याचा पाया चुकला होता. तरी त्यामागचा विचार उपयोगी पडला: हजर नसलेल्या काळाचं मोजमाप शून्य धरून करायचं नसतं.

आमच्या सेवा नियमांत मूल्यमापन अहवालाला पुनर्विलोकन अधिकारी आहे. फाईल त्यांच्याकडे पाठवली. त्यात मागणी एवढीच होती की उद्दिष्ट प्रमाणशीर धरावं की नाही, यावर लेखी मत द्यावं. गुणांचा किंवा निवडीचा उल्लेख मुद्दाम केला नाही, कारण त्यांना परिणाम कळला असता तर मताची किंमत उरली नसती. त्याच पत्रात इतर दोघांच्याही मोठ्या रजांचा तपशील मागवला. हडपसरच्या एका आजारपणाच्या रजेचा काळ सहा आठवड्यांचा निघाला, त्यांचं मूल्यमापन त्या वर्षी ‘उत्कृष्ट’च होतं, काही बदललं नाही. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी कारण लिहून मंचरचा शेरा ‘उत्कृष्ट’ केला.

समितीपुढे मात्र नुसता सुधारलेला आकडा ठेवला नाही. टिपणातला तो परिच्छेद जसाच्या तसा देतो:

‘मंचर शाखाधिकारी यांचा सन २०२३-२४ चा मूल्यमापन शेरा मूळ ‘साधारण’ असून पुनर्विलोकनाअंती तो ‘उत्कृष्ट’ करण्यात आला आहे (पुरवणी ४). मूळ शेऱ्यानुसार एकूण गुण ६२ व सुधारित शेऱ्यानुसार ६४ होतात. मूळ शेरा ग्राह्य धरल्यास प्रस्तुत टप्प्यावर ज्येष्ठतेचे कलम लागू होते, सुधारित शेऱ्यानुसार होत नाही. ही बाब निर्णयावर परिणाम करणारी असल्याने समितीने तिच्यावर स्वतंत्र निर्णय नोंदवावा, ही विनंती.’

शेवटचं वाक्य लिहिताना एका सहकाऱ्याने टोकलं होतं, ‘साहेब, कशाला उगाच दाखवताय? नाही लिहिलं तरी चालेल.’ पण जी गोष्ट निकाल फिरवते ती टिपणात नसेल, तर नंतर ती तक्रारीत येते, आणि तक्रारीत आलेली गोष्ट लपवलेलीच ठरते.

आणखी एक आक्षेप खरा होता आणि गुणांत कुठेच बसत नव्हता. मंचर लहान शाखा, एकूण कर्ज २६ कोटी. मुख्य कार्यालयात या पदावर मोठ्या रकमांचे प्रस्ताव येतात. त्यांना तो अनुभव नाही, हे वास्तव. पण ‘मोठ्या कर्जांचा अनुभव’ हा निकष परिपत्रकात नव्हता, त्यामुळे त्यासाठी गुण कापता येत नव्हते. टिपणात हा मुद्दा ‘मुलाखतीसाठी सुचवलेले प्रश्न’ या मथळ्याखाली गेला, आणि तिघांसाठीही एकेक प्रश्न दिला: मंचरसाठी मोठ्या कॅश क्रेडिट प्रस्तावाची छाननी, हडपसरसाठी मालसाठा पत्रकांचा तीन वर्षांचा आक्षेप, कोथरूडसाठी वर्षाच्या आत थकलेली खाती. मुलाखतीचे १५ गुण समितीचे, त्यामुळे तो रकाना रिकामाच ठेवला. दरम्यान एका उमेदवाराच्या बाजूने एका संचालकांचं पत्र आलं होतं. ते उत्तरासह वेगळ्या फायलीत गेलं, टिपणात त्याचा उल्लेख नाही.

शिफारस अशी होती: मुलाखतीपूर्वीच्या ८५ गुणांत मंचर ६४, हडपसर ६०, कोथरूड ५७, पुरवणी ४ मान्य झाल्यास मंचर यांची शिफारस, अमान्य झाल्यास मुलाखतीनंतरच्या फरकावर ज्येष्ठतेचं कलम तपासावं.

समितीने आधी पुरवणी ४ वर मत घेतलं, मग मुलाखती घेतल्या. हा क्रम अध्यक्षांनीच ठरवला आणि तो योग्य होता. उलट क्रमाने गेलं असतं तर पुरवणीवरचं मत मुलाखतीच्या रंगात भिजलं असतं. शेरा मान्य झाला. मुलाखतीत मंचर आणि कोथरूडला १२-१२, हडपसरला ११. एकूण ७६, ७१, ६९. मूळ शेरा कायम राहिला असता तर मंचरचे ७४ झाले असते, हडपसरशी फरक ३ चा, आणि जागा हडपसरला गेली असती.

बाईंची निवड झाली. निवडसूचीत दुसरं नाव हडपसरचं. तिथे कोथरूडशी फरक २ चाच होता, पण ज्येष्ठही तेच असल्याने वाद उरला नाही.

हडपसरच्या साहेबांनी आपले गुण लेखी मागितले. इतर दोघांची माहिती झाकून त्यांना त्यांचा भाग दिला. ते येऊन बसले आणि त्यांनी पहिलंच विचारलं, ‘१ कोटी २० लाखांचं निर्लेखन मंडळाने केलं, त्याचा फटका मला का?’ त्या रकमेसाठी गुण कापलेले नाहीत, ती दोन्ही बाजूंनी वगळली आहे, हे त्यांना पुरवणीत दाखवलं. मग त्यांनी मालसाठा पत्रकांच्या आक्षेपावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हे मात्र बरोबर आहे.’ पुढच्या महिन्यापासून कॅश क्रेडिट खात्यांची पत्रकं १० तारखेच्या आत मागवायची नोटीस त्यांनी शाखेत लावली. तिची प्रत सेवा विभागातही आली, ती त्यांच्या वैयक्तिक फायलीत लावून ठेवली आहे.